घरी आलेला पैसा आणि परतीची वाट

कोकणातील घरे एकेकाळी मुंबईच्या मनीऑर्डरवर चालत. गिरणीत वा गोदीत राबणारा चाकरमानी महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पैसे धाडी, आणि पोस्टमन अंगणात दिसला की घरचा महिना सुरू होई. त्या व्यवहारात गुंतागुंत अशी नव्हती. पैसा एकाच देशात, एकाच चलनात फिरत होता आणि तो खर्चासाठीच येत होता. पुढे रत्नागिरी व रायगड जिल्ह्यांतील तरुण दुबई, शारजा, कुवेत, मस्कत येथे गेले आणि मनीऑर्डरची जागा बँकेच्या खात्याने घेतली. जागतिक बँकेच्या हिशेबाप्रमाणे २०२२ सालापासून परदेशस्थ भारतीय दरवर्षी शंभर अब्ज डॉलरहून अधिक रक्कम मायदेशी पाठवीत आहेत. यांतील पुष्कळसा पैसा घरखर्चात, आजारपणात व घरबांधणीत जातो. मात्र त्यांतील काही भाग दरमहा म्युच्युअल फंडात गुंतविण्याची पद्धत आता खेडोपाडी पोहोचली आहे. पद्धत चांगली आहे. पण ती ज्या समजुतींवर चालते, त्यांतील दोन समजुती चुकीच्या आहेत, आणि त्यांची किंमत पाच-दहा वर्षांनी मोजावी लागते.

पहिली समजूत अशी की, पैसा कष्टाचा आणि आपलाच असल्यामुळे तो कोणत्या खात्यातून गुंतविला याला महत्त्व नाही. दुसरी अशी की, अनिवासी भारतीयांच्या खात्यावरील व्याज करमुक्त असल्यामुळे त्या खात्यातून घेतलेल्या फंडाचा नफाही करमुक्त असतो. वस्तुतः येथे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. गुंतविलेला पैसा पुन्हा परदेशी नेता येईल काय, हा पहिला प्रश्न. त्याचे उत्तर पैसा कोणत्या खात्यातून आला यावर अवलंबून असते. नफ्यावर कर किती, हा दुसरा प्रश्न. त्याचे उत्तर खात्यावर नव्हे, तर गुंतवणूकदार कोठील रहिवासी आहे आणि फंड कोणत्या जातीचा आहे यावर अवलंबून असते. हे दोन प्रश्न एकमेकांत मिसळले की घोटाळा होतो. म्हणून ते वेगवेगळे पाहणे इष्ट होय.

आधी खात्यांचा विचार करू. १९९९ चा परकीय चलन व्यवस्थापन कायदा, ज्याला सर्वजण फेमा म्हणून ओळखतात, तो असे मानतो की नोकरीसाठी देश सोडून गेलेला माणूस गेल्या दिवसापासूनच अनिवासी होतो. त्याचे गावच्या बँकेतील जुने बचत खाते त्यानंतर निवासी खाते म्हणून चालविता येत नाही. बँकेला कळवून ते एनआरओ खात्यात रूपांतरित करून घ्यावे लागते. हे खाते मुख्यतः भारतात मिळणाऱ्या उत्पन्नासाठी आहे. घरभाडे, जुन्या ठेवींचे व्याज, वडिलोपार्जित जमीन विकून आलेली रक्कम हे सारे तेथे जमा होते. त्यावरील व्याज करपात्र असून बँक ३० टक्के कर आणि त्यावर ४ टक्के उपकर आधीच कापून घेते.

दुसरे खाते एनआरई. हेही रुपयांतच असते. परंतु त्यात परदेशातून आलेला पैसाच जमा होऊ शकतो. गावी आलेल्या मुलाने खिशातील रुपयांच्या नोटा या खात्यात भरू म्हटल्या, तर बँक त्या स्वीकारणार नाही. आखाती देशांतील एक्स्चेंज हाउसमधून धाडलेली रक्कम मात्र या खात्यात येऊ शकते. याचे व्याज भारतात करमुक्त आहे आणि शिल्लक केव्हाही, कोणाची परवानगी न घेता परदेशी नेता येते. तिसरे खाते एफसीएनआर. ते परकीय चलनातील मुदतठेवीचे असून मुदत १ ते ५ वर्षांची असते. त्यातून दरमहा हप्ता वळता होत नाही. तेव्हा मासिक गुंतवणुकीच्या दृष्टीने ते बाजूला ठेवावे लागते. रुपयाच्या घसरणीची धास्ती असलेल्याने त्याचा विचार जरूर करावा, पण तो ठेव म्हणून, फंडाकडे जाण्याचा रस्ता म्हणून नव्हे.

एनआरई आणि एनआरओ या दोन खात्यांतील दार एकाच बाजूने सहज उघडते. एनआरईमधून एनआरओमध्ये पैसा केव्हाही वळविता येतो. पण तो वळला की परत नेण्याचा त्याचा निर्वेध हक्क संपतो. एनआरओमधील पैसा कायमचा अडकतो असे मात्र नाही. कर भरल्याचे प्रतिज्ञापत्र देऊन, आणि मोठ्या रकमेच्या बाबतीत सनदी लेखापालाचा दाखला जोडून, एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंतची रक्कम बाहेर नेता येते. वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणाऱ्या कारागिराला ही मर्यादा कधीच आड येणार नाही. त्याला आड येतात ते कागद, हेलपाटे आणि लेखापालाची फी.

आता एक उदाहरण तपशिलाने पाहू. समजा, चिपळूणजवळच्या एका गावातील तरुण शारजात नोकरी करतो. तो दरमहा ३०,००० रुपये घरी धाडतो. त्यांतील १५,००० घरखर्चासाठी आणि १५,००० समभागांत गुंतवणूक करणाऱ्या म्युच्युअल फंडासाठी, अशी त्याची योजना आहे. हा पैसा फंडापर्यंत पोहोचण्याचे चार रस्ते त्याच्यापुढे आहेत, आणि बाहेरून पाहणाऱ्याला ते चारही सारखेच दिसतात.

पहिला रस्ता म्हणजे जुने बचत खाते तसेच चालू ठेवायचे आणि देश सोडण्यापूर्वी सुरू केलेली एसआयपी त्यातूनच चालू द्यायची. हा रस्ता सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट होय. बँक व फंड या दोघांच्याही दप्तरी तो निवासीच राहतो. निवासी गुंतवणूकदाराच्या नफ्यातून फंड कर कापत नाही, त्यामुळे सारे सुरळीत असल्याचा भास होतो. कराचे देणे मात्र उरतेच आणि ते साचत जाते. शिवाय फेमाच्या उल्लंघनाबद्दल गुंतलेल्या रकमेच्या तिपटीपर्यंत दंडाची तरतूद आहे. प्रत्येकावर एवढा दंड बसतो असे नाही. पण घर घेताना किंवा पैसे परत नेताना बँकेने पासपोर्ट मागितला की प्रकरण उघडे पडते, आणि मग जुने सारे निस्तरीत बसावे लागते.

दुसरा रस्ता वडिलांच्या खात्याचा. मुलाने तीस हजार वडिलांच्या खात्यात धाडायचे आणि वडिलांनी त्यांतील अर्धे फंडात टाकायचे. आपल्याकडील कुटुंबपद्धतीला हे साजेसेच वाटते. परंतु कायद्याच्या दृष्टीने वडिलांना दिलेली रक्कम ही देणगी आहे. तिच्यावर कर लागत नाही हे खरे; पण त्या क्षणी ती वडिलांची होते आणि तीतून घेतलेली युनिटेही वडिलांची होतात. पुढे भावंडांत वाटणीचा प्रश्न निघाला, तर शारजात घाम गाळणाऱ्या मुलाकडे आपला हिस्सा सिद्ध करणारा कागद नसतो. वडिलांऐवजी पत्नीच्या नावे गुंतवणूक केली, तर आणखी एक गाठ बसते. पत्नीला दिलेल्या रकमेपासून होणारे उत्पन्न आयकर कायदा पतीच्याच उत्पन्नात मिळवितो. मुलाने आपल्या खात्यातून थेट वडिलांच्या नावाचा हप्ता भरावा, अशीही सोय नाही. काही ठरावीक अपवाद सोडले, तर फंडाला गुंतवणूकदाराच्या स्वतःच्या खात्यातूनच पैसा घ्यावा लागतो.

तिसरा रस्ता एनआरओ खात्याचा, आणि चौथा एनआरईचा. दोन्ही कायदेशीर आहेत. फरक एवढाच की, एनआरओमधून घेतलेली युनिटे विकल्यावर रक्कम एनआरओमध्येच येते. एनआरईमधून घेतलेल्या युनिटांची रक्कम कर वजा जाता एनआरईमध्ये येते आणि तेथून मुक्तपणे बाहेर जाऊ शकते. हा हक्क नफ्यालाही लागू आहे, केवळ मुद्दलाला नव्हे. ज्याचा पैसा परदेशातून येतो, त्याने तो एनआरईमधूनच गुंतवावा, हे यावरून उघड आहे. गावच्या भाड्याचे वा जुन्या ठेवींचे पैसेही गुंतवायचे असतील, तर त्यांसाठी एनआरओला जोडलेला वेगळा फोलिओ ठेवावा. एकाच फोलिओत दोन्ही पाणी मिसळले, की कोणते युनिट कोणत्या पैशाचे हे पुढे शोधीत बसावे लागते.

या चौथ्या रस्त्याने जाण्यासाठी करावयाच्या गोष्टी फार नाहीत, पण त्यांचा क्रम चुकवू नये. प्रथम जुने बचत खाते एनआरओ करून घ्यावे आणि नवे एनआरई खाते उघडावे. त्यानंतर पॅन, पासपोर्ट, तेथील निवासाचा परवाना व परदेशातील पत्ता देऊन फंडाच्या दप्तरातील ओळखपत्रांची नोंद, जिला केवायसी म्हणतात, ती अनिवासी म्हणून बदलून घ्यावी. आपण कोणत्या देशात कर-रहिवासी आहोत याचे प्रतिज्ञापत्र द्यावे. मग एनआरई खात्यावरून दरमहाची वळतवणूक बँकेकडे नोंदवावी. वडिलांचा सहभाग हवाच असेल, तर त्यांना मुखत्यारपत्र द्यावे, म्हणजे व्यवहार ते पाहतील आणि मालकी मुलाची राहील. सारे नीट झाले की नाही, हे ओळखण्याची खूणही सोपी आहे. फंडाकडून येणाऱ्या हिशेबपत्रकात गुंतवणूकदाराचा कर-दर्जा छापलेला असतो. तेथे निवासी व्यक्ती असे लिहिले असेल, तर बाकीचे सारे कागद व्यर्थ आहेत असे समजावे. तेथे अनिवासी आणि खात्याच्या जागी एनआरई असेल, तर वाट बरोबर आहे.

अमेरिका व कॅनडात राहणाऱ्यांना मात्र याआधीच एक अडसर लागतो. अमेरिकेच्या २०१० च्या फॅटका कायद्याखाली माहिती पुरविण्याचा बोजा नको म्हणून कित्येक फंड तेथील रहिवाशांकडून पैसाच घेत नाहीत. शिवाय अमेरिकेचा करविभाग परदेशी फंडांवर विशेष कडक नियमांनी कर आकारतो. तेव्हा आखातातील मित्राची नक्कल न्यू जर्सीतील गृहस्थाने करू नये.

आता कराचा प्रश्न. येथे आणखी एक बारकावा लक्षात घ्यावा लागतो. फेमा आणि आयकर कायदा अनिवासी हा शब्द एकाच अर्थाने वापरीत नाहीत. फेमा जाण्याचा हेतू पाहतो, तर आयकर दिवस मोजतो. १५ डिसेंबरला शारजाला गेलेला तरुण त्याच दिवशी फेमाच्या दृष्टीने अनिवासी झाला. पण त्या आर्थिक वर्षात तो १८२ दिवसांहून अधिक भारतात राहिलेला असल्यामुळे आयकराच्या दृष्टीने मार्चअखेरपर्यंत निवासीच राहिला. खाते डिसेंबरमध्ये बदलायचे, पण त्या वर्षाचे विवरणपत्र निवासी म्हणून भरायचे, असा हा प्रकार आहे. पुढील वर्षापासून दोन्ही व्याख्या एका रेषेत येतात.

समभाग फंडाच्या नफ्यावरील दर २३ जुलै २०२४ पासून बदलले. बारा महिन्यांहून अधिक काळ ठेवलेल्या युनिटांवरील नफ्याला एका वर्षात १,२५,००० रुपयांपर्यंत कर नाही आणि त्यापुढे १२.५ टक्के कर आहे. त्याहून कमी काळ ठेवलेल्या युनिटांच्या नफ्यावर २० टक्के कर आहे. दोहोंवर ४ टक्के उपकर. १९६१ च्या आयकर कायद्याची जागा २०२५ च्या कायद्याने घेण्यासाठी १ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. त्यामुळे कलमांचे क्रमांक बदलतात, पण हिशेबाची ही रीत बदलत नाही.

आपल्या तरुणाने १५,००० रुपयांचे ६० हप्ते भरले, म्हणजे ९ लाख रुपये गुंतविले. समजा, पाच वर्षांनी त्याची किंमत १२,३७,००० झाली आणि त्याने सारी युनिटे एकदम विकली. नफा ३,३७,००० रुपयांचा. पाच वर्षे गुंतवणूक केली म्हणून सारा नफा दीर्घ मुदतीचा, असे त्याला वाटेल. पण तसे नाही. प्रत्येक हप्त्याचे वय वेगळे मोजले जाते. पहिल्या ४८ हप्त्यांना वर्ष उलटून गेले आहे. शेवटच्या १२ हप्त्यांना नाही. समजा, पहिल्यांचा नफा ३,२५,००० आणि शेवटच्यांचा १२,००० आहे. ३,२५,००० मधून १,२५,००० ची सूट वजा जाता २ लाख उरतात. त्यांवर १२.५ टक्क्यांनी २५,००० आणि उपकरासह २६,००० रुपये कर होतो. शेवटच्या १२,००० वर २० टक्क्यांनी २,४०० आणि उपकरासह २,४९६ रुपये. एकूण देय कर २८,४९६ रुपये. हाती १२,०८,५०४ रुपये. ही रक्कम एनआरई खात्यात येईल आणि हवी तेव्हा बाहेर जाऊ शकेल.

हा कर अनिवासी माणसाच्या बाबतीत फंडच विक्रीच्या वेळी कापून घेतो. एका योजनेतून दुसऱ्या योजनेत रक्कम वळविली, तरी ती विक्रीच समजली जाते आणि कपात होतेच. फंडाने सूट न धरता जास्त कर कापला, तर विवरणपत्र भरून तो परत मागावा लागतो. थोडा विचार केल्यास कर कमीही करता येतो. अर्धी युनिटे मार्चमध्ये आणि अर्धी एप्रिलमध्ये विकली, तर दोन आर्थिक वर्षांची सूट मिळते आणि या उदाहरणात १६,००० रुपयांहून अधिक वाचतात. शेवटच्या बारा हप्त्यांना वर्षाचे होऊ दिले, तर त्यांवरील दरही उतरतो.

येथवर तक्रारीला जागा नाही. ती पुढे येते. समजा, याच तरुणाचा भाऊ गावीच राहतो आणि त्याला दुसरे काही उत्पन्न नाही. त्याने अगदी हेच हप्ते भरले आणि अगदी एवढाच नफा कमावला. नव्या करपद्धतीत ४ लाख रुपयांपर्यंतचे उत्पन्न करमुक्त आहे. आणि निवासी माणसाला ही मूळ सूट समभाग फंडाच्या नफ्यावरही वापरता येते. त्याचा कर शून्य. शारजातील भावाचेही भारतात दुसरे उत्पन्न नाही. पण अनिवासी असल्यामुळे त्याला समभाग फंडाच्या नफ्यावर ही मूळ सूट मिळत नाही. त्याचा कर २८,४९६. दोघांत अंतर केवळ समुद्राचे आहे.

याचे समर्थन असे केले जाते की, अनिवासी माणसाचे परदेशातील उत्पन्न भारत सरकारला दिसत नाही. तेव्हा लंडनमध्ये लाखो पौंड मिळविणाऱ्याला गरिबांसाठी असलेली सूट का द्यावी? युक्तिवाद वाजवी वाटतो, पण तो आपल्याच कायद्यात टिकत नाही. कर्जरोख्यांत गुंतवणूक करणाऱ्या फंडांचे उदाहरण घ्या. १ एप्रिल २०२३ नंतर घेतलेल्या अशा फंडांचा नफा कितीही वर्षांनी काढला तरी सामान्य उत्पन्नाप्रमाणे टप्प्याटप्प्याने करपात्र ठरतो, आणि सामान्य उत्पन्नावरील ४ लाखांची सूट अनिवासी माणसालाही मिळते. अशा फंडात १ लाख रुपये नफा झाला, तर ३० टक्के व उपकर मिळून ३१,२०० रुपये आधी कापले जातात; पण दुसरे उत्पन्न नसेल, तर देय कर शून्य असतो आणि विवरणपत्र भरल्यावर सारी रक्कम परत मिळते. म्हणजे लंडनच्या श्रीमंताला कर्जरोख्यांच्या फंडावर जी सूट मिळते, ती शारजाच्या कारागिराला समभागांच्या फंडावर मिळत नाही. यात तत्त्व कोणते? अनिवासी माणसाचा विचार करायचा, तर दोन्हीकडे एकच न्याय असावा. कपात आधी होऊ द्यावी, कारण नंतर वसूल करणे अवघड असते. परंतु विवरणपत्रात मूळ सूट मागण्याचा हक्क समभाग फंडांच्या बाबतीतही द्यावा. एवढी मागणी रास्त म्हणावी लागेल.

संयुक्त अरब अमिरातीत राहणाऱ्यांसाठी आणखी एक वाट आहे. भारत व अमिरातीमधील दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारात कंपन्यांच्या समभागांच्या विक्रीबद्दल वेगळे कलम आहे, आणि त्यात न येणाऱ्या उर्वरित मालमत्तेचा नफा रहिवासाच्या देशातच करपात्र ठरतो. फंडाचे युनिट म्हणजे समभाग नव्हे, असे मानून आयकर अपील न्यायाधिकरणाच्या कोचीन खंडपीठाने २०१९ साली अमिरातीतील एका रहिवाशाच्या बाजूने निर्णय दिला. मात्र न्यायाधिकरणाचा निर्णय हा अंतिम शब्द नव्हे. त्याचा लाभ मागणाऱ्याने तेथील कर-रहिवासाचा दाखला काढून विवरणपत्राबरोबर आपली बाजू मांडली पाहिजे, आणि विभागाकडून विचारणा येण्याची तयारीही ठेवली पाहिजे. ज्याचा कर काही हजारांतच आहे, त्याला दाखल्याचा व सल्ल्याचा खर्च परवडतो काय, हे त्याने आधी मोजावे.

कर आणि खाते यांपलीकडे एक गोष्ट कोणत्याही कागदावर छापलेली नसते, ती म्हणजे चलन. अमिरातीचा दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे; रुपया तसा नाही. समजा, आपल्या तरुणाने पाच वर्षांत पाठविलेल्या पैशाला सरासरी एका दिरहमाचे २१ रुपये मिळाले. म्हणजे ९ लाख रुपयांसाठी त्याने सुमारे ४२,८५७ दिरहम दिले. विकतेवेळी दिरहम २४ रुपये झाला असेल, तर १२,०८,५०४ रुपयांचे सुमारे ५०,३५४ दिरहम होतात. रुपयांत ३४ टक्के वाढलेला पैसा दिरहमांत साडेसतरा टक्केच वाढला. ज्याला गावी घर बांधायचे आहे, त्याला या हिशेबाचे कारण नाही. त्याचा खर्च रुपयांतच होणार. परंतु ज्याला मुलाचे शिक्षण परदेशात करायचे आहे, त्याने परत नेण्याचा हक्क मिळविला म्हणजे परत नेण्यातला तोटा टळला, असे समजू नये. हक्क खात्याने मिळतो. किंमत बाजार ठरवितो.

आणि परतीचे काय? हा तरुण कायमचा गावी आला, की तो पुन्हा निवासी होतो. त्या वेळी एनआरई खाते निवासी खात्यात बदलावे लागते, किंवा परकीय चलन जवळ ठेवायचे असल्यास त्यातील रक्कम निवासी माणसाच्या परकीय चलन खात्यात, म्हणजे आरएफसी खात्यात, वळवावी लागते. फंडालाही कळवावे लागते. युनिटे तशीच राहतात. त्यांवरील नाव आणि मालकी बदलत नाही. जाताना जी दक्षता घ्यायची, तीच येताना घ्यायची.

या साऱ्यात दोष केवळ अडाणीपणाचा आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्याला परवाना, वैद्यकीय तपासणी आणि तिकीट यांविषयी बजावणारे दहा लोक भेटतात. खाते बदल असे सांगणारा एकही भेटत नाही. जिल्ह्याच्या ठिकाणच्या बँकशाखांना परदेशातून दरमहा येणारी रक्कम दिसत असते. साध्या बचत खात्यात सलग काही महिने एक्स्चेंज हाउसकडून पैसा येऊ लागला, तर खातेदार परदेशी गेला आहे काय, अशी विचारणा करणारे एक पत्र धाडण्यास बँकेला नव्या कायद्याची गरज नाही. फंडांनीही हिशेबपत्रकातील कर-दर्जाची ओळ बारीक अक्षरांत न ठेवता ठळक मराठीत छापावी आणि ती चूक असल्यास काय करावे हे तिच्याखालीच लिहावे. तोवर हे काम गावातील शिक्षक, बँकेतील कारकून आणि महाविद्यालयात शिकणारी धाकटी भावंडे यांनाच करावे लागेल. घरात पहिला कागद वाचणारे तेच असतात. पुढच्या वेळी फंडाचे पत्रक आले की त्यांनी किंमत पाहण्याआधी कर-दर्जाची ती एक ओळ पाहावी.